निरर्थक शब्दांवर कान घडवताना: कोल्हापुरातल्या एका ध्वनिलेखन सरावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरात राहून बोलींवर काम करणाऱ्या एका शोधछात्रेचं आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सरावाचा क्रम तिने आणि मी मिळून ठरवला होता.

तिचं काम चंदगड तालुक्यातल्या बोलण्यावर होतं. हा तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला येतो. एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला घाट उतरला की कोकण, आणि गोवाही लांब नाही. वयस्कर बायामाणसांची ध्वनिमुद्रणं तिने स्वतः केली होती आणि ती चांगली झाली होती. आता ती आयपीए चिन्हांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत, उतरवायची होती. तिचं घर करवीर तालुक्यातलं. घरात 'पानी' आणि शाळेत 'पाणी', अशा दोन्ही सवयी कानाला लागलेल्या.

तपासणीसाठी ध्वनिमुद्रणाचा एक छोटा तुकडा तिने एका सहकाऱ्याला दिला. त्याची घरची भाषा कोकणी. दोघांनी एकमेकांना न विचारता तो तुकडा लिहून काढला.

अडचण

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर व्यंजनं बहुतेक जुळली. त, थ, ट, ठ यांत वाद नव्हता आणि महाप्राणांतही नव्हता. फाटाफूट झाली ती स्वरांत. जिथे तिने सरसकट [e] लिहिलं होतं तिथे सहकाऱ्याने काही ठिकाणी [e] आणि काही ठिकाणी जास्त तोंड उघडून होणारा [ɛ] लिहिला होता. [o] आणि [ɔ] यांचंही तेच. शिवाय त्याच्या कागदावर बऱ्याच स्वरांवर अनुनासिकाची लाटेसारखी खूण होती, तिच्या कागदावर जवळपास नव्हती.

आता यात खरं कोणाचं? कोकणीत [e] आणि [ɛ] वेगळे मानले जातात, त्यांच्यामुळे शब्दाचा अर्थ बदलतो. कोकणीने अनुनासिक स्वरही टिकवले आहेत. प्रमाण मराठीत यातलं काहीच अर्थ बदलत नाही. आपण 'ए' थोडा उघडा म्हटला काय नि मिटका म्हटला काय, शब्द तोच राहतो, आणि म्हणून लहानपणापासून आपला कान हा फरक टाकून द्यायला शिकतो. तेव्हा शक्यता दोन होत्या. फरक खरोखर त्या आजींच्या बोलण्यात होता आणि हिला तो ऐकू आला नाही. किंवा फरक तिथे नव्हताच आणि त्याने आपल्या घरच्या भाषेचे कप्पे त्या बोलण्यावर चढवले. चंदगडसारख्या सीमेवरच्या बोलीत हा प्रश्न किरकोळ नाही. ही बोली कुठे कोकणीकडे झुकते आणि कुठे मराठीकडे, हेच तर प्रबंधात सांगायचं होतं.

ती वैतागून म्हणाली, "सर, तीच क्लिप ऐकून ऐकून मला पाठ झालीये. आता तर मला काहीच ऐकू येत नाही, नुसता अर्थ ऐकू येतो." मुळातली अडचण तिने एका वाक्यात सांगितली होती. ओळखीच्या शब्दात कान अर्धंच काम करतो आणि उरलेलं डोकं भरून काढतं. 'शेत' हा शब्द आहे हे एकदा कळलं की मधला स्वर नेमका कसा होता हे तपासायला मन तयारच होत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे तिसऱ्या माणसाकडून तोच तुकडा लिहून घ्यायचा आणि बहुमत धरायचं. तो लगेच सोडला. तिसरा माणूस मराठी घरातला असता तर दोन मराठी कान एका बाजूला आले असते, आणि त्यातून बोलण्याबद्दल काहीच सिद्ध झालं नसतं.

दुसरा पर्याय यंत्रावर मोजण्याचा. अॅमस्टरडॅमच्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं `Praat` हे मोफत सॉफ्टवेअर तिच्याकडे होतं. त्यात स्वराचे फॉर्मंट, म्हणजे ज्या वारंवारतांवर स्वर जास्त घुमतो ते पट्टे, दिसतात. जबडा जितका जास्त उघडतो तितका पहिला फॉर्मंट वर सरकतो, म्हणजे एकाच व्यक्तीच्या बोलण्यात [e] आणि [ɛ] यांची तुलना आकड्यांत होऊ शकते. पण सलग बोलण्यात स्वर छोटे असतात, शेजारचं व्यंजन त्यांना ओढतं, आणि अनुनासिक स्वरात पहिला फॉर्मंट नीट सापडतच नाही. शिवाय तासन् तासांच्या मुद्रणातला प्रत्येक स्वर मोजणं अशक्य. मोजायचं कुठे, हे आधी कानानेच सांगावं लागतं.

तिसरा पर्याय जुना आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅनिएल जोन्स विद्यार्थ्यांना निरर्थक शब्दांची श्रुतलेखनं घालत असत. 1886 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल फोनेटिक असोसिएशनच्या प्रमाणपत्र परीक्षेतही निरर्थक शब्दांचं श्रुतलेखन आलेलं आहे. शब्दाला अर्थ नसला की डोक्याला भरून काढायला काही उरत नाही, आणि कानावर पडलं तेवढंच कागदावर येतं. इथे आणखी एक फायदा होता. निरर्थक शब्द ना मराठी ना कोकणी, त्यामुळे दोघांचीही परीक्षा एकाच पट्टीवर झाली असती.

तिसरा पर्याय घ्यायचं ठरलं, पण त्यात एक पेच होता. शिक्षक समोर बसून शब्द उच्चारतो तेव्हा चूक लगेच दाखवतो. इथे ती राजारामपुरीतल्या खोलीवर एकटी सराव करणार होती. आपणच शब्द बनवायचे, आपणच ऐकायचे आणि आपणच तपासायचे, हे जमायचं कसं?

शब्द कसे बनवले

शब्द माणसाने मनाने रचले की ते नकळत आपल्या भाषेसारखे होतात. म्हणून ते यादृच्छिक काढले. पायथनच्या पाच ओळी पुरल्या:

```python
import random
C = ["t̪", "ʈ", "n", "ɳ", "m", "p", "l", "ɭ"]
V = ["i", "e", "ɛ", "a", "ɔ", "o", "u"]
for n in range(1, 41):
    print(n, "".join(random.choice(C) + random.choice(V) for _ in range(2)))
```

यातून 'माला', 'नाना', 'मामा', 'टाटा' असले खरे शब्दही बाहेर पडतात. ते हाताने खोडायचे. हे खोडण्याचं काम तिने केलं नाही, कारण यादी पाहिली की उत्तर फुटलं. ज्याने शब्द रेकॉर्ड केले त्यानेच यादी काढली आणि गाळली. तो पुण्यातला, ध्वनिविज्ञान रीतसर शिकलेला मित्र. त्याने उच्चारलेल्या फायली आणि उत्तरसूची वेगवेगळ्या फोल्डरमध्ये येत. फाइलचं नाव नुसता क्रमांक, उदाहरणार्थ `b014.wav`.

पहिल्या याद्या त्याने मेसेजिंग अॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवल्या होत्या. तिथे आवाज दाबला जातो आणि वरच्या वारंवारता कापल्या जातात, नेमक्या ज्यांवर [s], [f], [θ] यांसारखे घर्षक ओळखू येतात. घर्षकांत ती गडबडू लागली तेव्हा आम्ही मूळ फाइल मागवून ऐकली, आणि गडबड बरीच कमी झाली. त्यानंतर फक्त न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही फायली. कान चुकतोय असं वाटलं की आधी फाइल तपासायची, हा नियम तिथून आला.

पायऱ्या कशा लावल्या

इथे सगळ्यात महत्त्वाचा निर्णय झाला, आणि तो पहिल्यांदा फसल्यावर झाला.

आयपीए शिकवणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत सोप्याकडून अवघडाकडे जो क्रम असतो तो इंग्रजी कानासाठी बेतलेला असतो. तिथे मूर्धन्य व्यंजनं उशिरा येतात, घ, ध, भ यांसारखे श्वासयुक्त घोष महाप्राण त्याहून उशिरा. मराठी माणसाला 'ट' आणि 'त' यांतला फरक आईच्या दुधाबरोबर मिळतो. त्यावर आठवडे घालवणं म्हणजे वेळ वाया. उलट त्या क्रमात बरेच स्वर सुरुवातीला उरकून टाकलेले असतात, आणि मराठी कान अडतो तिथेच.

शिवाय त्या क्रमात शब्दाची लांबी आणि ध्वनींचा अनोळखीपणा दोन्ही एकदम वाढत जातात. तिने तसंच सुरू केलं होतं. दोन अक्षरांचे शब्द बरे जात. तीन अक्षरांचे, नवे ध्वनी घातलेले शब्द आले आणि गुण कोसळले. पण का कोसळले हे सांगता येईना. कानाला ध्वनी कळला नाही, की शब्द संपेपर्यंत पहिलं अक्षरच स्मरणातून गेलं? दोन्ही दुखणी वेगळी आहेत आणि दोघांवरचे उपायही.

म्हणून दोन शिड्या वेगळ्या केल्या. एका शिडीवर फक्त लांबी वाढे: सगळे मराठीतले ओळखीचे ध्वनी, पण अक्षरं दोनाची चार. ही स्मरणाची शिडी. दुसऱ्या शिडीवर शब्द कायम दोन अक्षरांचा, आणि फक्त ध्वनी बदलत. ही कानाची शिडी. तिच्या पायऱ्या अशा होत्या.

पहिली पायरी मराठी ध्वनींची, मराठीत येतात त्याच जागी. ही फक्त चिन्हं हाताला बसावीत म्हणून.

दुसरी पायरी मराठी ध्वनींचीच, पण परक्या जागी. मराठीत शब्दाची सुरुवात ळ ने होत नाही, ण नेही जवळपास होत नाही, आणि ङ ने तर नाहीच. म्हणून [ɭ], [ɳ], [ŋ] शब्दाच्या तोंडाशी घातले. त्याचबरोबर [np], [mk], [mt̪] अशा जोड्या. त्यांचं कारण पुढे येईल.

तिसरी पायरी स्वरांची: [e] की [ɛ], [o] की [ɔ], आणि त्यांची अनुनासिक रूपं. तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर या पायरीवर होतं.

चौथीवर पूर्ण परके ध्वनी होते: [y], [ɯ], [x], [q], अंतःस्फोटी [ɓ] वगैरे. चंदगडच्या कामाला त्यांची गरज नव्हती. तरी आपला कान परका ध्वनी कुठल्या मराठी कप्प्यात ढकलतो हे त्यातून स्वच्छ दिसतं, म्हणून थोडे ठेवले.

नुसत्या यादृच्छिक याद्यांत एक खोट निघाली. हवा तो फरक कधी एकदा येई, कधी आठदा. तिसऱ्या पायरीपासून प्रत्येक यादीत निम्मे शब्द मुद्दाम त्या फरकाचे ठेवले, दोन्ही बाजूंचे सारखे, आणि बाकीचे भरतीचे.

रोजचा क्रम

एका बैठकीत दहा शब्द. पहाटे रस्त्यावर गाड्या सुरू होण्याआधी, कान झाकणारा हेडफोन लावून. गणपतीच्या दिवसांत मात्र सराव बंदच पडला. गल्लीत ढोल घुमत असताना [m] आणि [n] कोण वेगळं करणार!

प्रत्येक शब्द जास्तीत जास्त पाच वेळा ऐकायचा, आणि प्रत्येक वेळी काय ऐकायचं ते ठरलेलं. पहिल्यांदा फक्त अक्षरं किती आणि जोर कुठे. दुसऱ्यांदा स्वर. तिसऱ्यांदा व्यंजनं. मग थांबायचं, शब्द स्वतः मोठ्याने म्हणायचा, आणि आपलं तोंड काय करतंय ते पाहायचं. चौथं आणि पाचवं ऐकणं शंका असेल तरच. पाचव्यानंतर जे असेल ते पेनने लिहायचं. पेन्सिल नाही.

सुरुवातीला ती आधी पटकन देवनागरीत टिपून घेई आणि मग आयपीएत उतरवी. ते बंद करायला लावलं. देवनागरी ध्वनींच्या जवळची लिपी असली तरी दोन गोष्टी ती झाकते. एक, अनुस्वार. 'अंप' लिहिलं की वाचताना तो म च होतो, पुढचं व्यंजन ठरवतं की नाकातला ध्वनी कुठला. त्यामुळे [anpa] ऐकलं तरी 'अंपा' असं टिपून ती [ampa] लिहून मोकळी. दोन, अक्षरात लपलेला अ. शेवटी [pʰ] आला की टिपणात 'फ' पडे, आणि आयपीएत उतरताना त्याला एक [ə] चिकटे, जो फाइलमध्ये कुठेच नसे. थेट चिन्हांत लिहायला लागल्यावर वेग आठवडाभर पडला, पण या दोन्ही चुका निम्म्याहून कमी झाल्या.

स्वतःची तपासणी

एकट्याने तपासताना होणारी फसवणूक नेहमी एकाच प्रकारची असते. उत्तरसूची उघडली, तिथे [ɛ] दिसला, फाइल परत लावली, आणि वाटलं, "हां, [ɛ]च तर आहे, मला तेच म्हणायचं होतं." चिन्ह डोळ्यासमोर असताना कान ते ऐकतोच. म्हणून तपासणीचे टप्पे पक्के केले.

आधी आवाज बंद ठेवून दोन्ही लेखनं एकाखाली एक, एका घरात एक ध्वनी, अशी मांडायची. एक खरं उदाहरण:

```
फाइल    ɭ  ɛ  n  p  ɔ
लिहिलं  l  e  m  p  o
```

पाचांत एक बरोबर. नुसता गुण पाहिला तर हा भयंकर निकाल आहे. पण चारही चुका पाहिल्या की त्यांत एकही भलतीसलती नाही. शब्दाच्या सुरुवातीला ळ असू शकत नाही असं कानाने गृहीत धरलं आणि ल केला. प च्या आधी म च असणार असं गृहीत धरलं. एक 'ए' आणि एक 'ओ' एवढंच ठाऊक असल्याने दोन्ही स्वर मधल्या मराठी जागेवर आणून ठेवले. कान ऐकत होता, पण मराठीत ऐकत होता.

म्हणून गुणांच्या वहीशेजारी एक चुकांचा तक्ता सुरू केला. उभ्या रांगेत फाइलमध्ये काय होतं, आडव्या रांगेत काय लिहिलं, आणि प्रत्येक चुकीला त्या चौकटीत एक रेघ. दोन आठवड्यांत तक्ता बोलायला लागला. [ɛ] चा [e] होई, पण [e] चा [ɛ] फारसा होत नसे. [n] चा सुरुवातीला [ɳ] होई, हे आम्हाला अनपेक्षित होतं. ज्या घरात 'पानी' म्हणतात तिथल्या मुलीकडून ण चा न होईल असं वाटलं होतं. झालं उलटं. शाळेत 'ण म्हण, न नको' असं इतकं बजावलेलं की शंका आली की ती ण लिहून मोकळी होई. कानातला हा दोष नव्हताच. दोष शंकेच्या वेळी काय करायचं या सवयीत होता. त्यावर उपाय सोपा: शंका असेल तिथे चिन्हाखाली रेघ ओढायची. रेघेखालच्या चुका आणि ठाम चुका वेगळ्या मोजल्या की ण चं कोडं चार दिवसांत सुटलं.

तक्त्यानंतरचा टप्पा आंधळ्या जोडीचा. जिथे चूक झाली तिथल्या दोन ध्वनींचे जोडशब्द, समजा [pɛt̪a] आणि [pet̪a], मित्राकडून प्रत्येकी अनेकदा रेकॉर्ड करून घेतले. संगणक आधी दोन्ही नावानिशी ऐकवे आणि मग त्यांतलाच तिसरा नाव न सांगता. तो पहिल्यासारखा की दुसऱ्यासारखा, एवढंच सांगायचं. तिसऱ्यासाठी तीच फाइल नाही, त्याच शब्दाचं दुसरं मुद्रण. तीच फाइल दिली तर कान स्वराऐवजी मागचा पंख्याचा आवाज ओळखून उत्तर देतो.

दहापैकी सात आले की तिला वाटे जमलं. इथे थोडं गणित करावं लागलं. उत्तरं दोनच असतील तर नाणं उडवूनही दहापैकी सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सहात एक एवढी मोठी आहे. नऊ किंवा दहा येण्याची शक्यता मात्र शंभरात एकाच्या आसपास. म्हणून वरच्या पायरीवर जायला लागोपाठ तीन नव्या याद्यांत दहापैकी नऊ, अशी अट घातली.

उत्तरसूचीच चुकली तर

दुसऱ्या पायरीवर [np] च्या शब्दांत ती हटून बसली. "सर, इथे म च आहे. मी शपथेवर सांगते." आंधळ्या जोडीतही ती काही ठरावीक फायलींवर ठामपणे [mp] म्हणे आणि बाकीच्या फायलींवर बरोबर [np] ओळखे. कान बहिरा असता तर चुका सगळीकडे पसरल्या असत्या. त्या ठरावीक फायलींतच साचत होत्या, म्हणून संशय फायलींवर गेला.

उच्चारणारा माणूस शिकलेला असला तरी त्याचंही तोंड प साठी आधीच मिटायला निघतं. कागदावर [np] असलं तरी तोंडातून [mp] जाणं अगदी साहजिक आहे. `Praat` मध्ये नाकातला ध्वनी दिसतो, पण तो ओठांचा की दातांमागचा हे तिथल्या पुसट रेघांवरून छातीठोक सांगता येत नाही. मग मित्राला सांगितलं की या जोड्या म्हणताना मोबाइलचा पुढचा कॅमेरा ओठांवर धर. व्हिडिओ सावकाश चालवला की नाकातला ध्वनी सुरू होतानाच ओठ मिटलेत का, हे डोळ्यांनी दिसतं. काही फायलींत ओठ खरोखर सुरुवातीपासून मिटलेले निघाले. उत्तरसूची दुरुस्त झाली आणि तिचे मागचे गुण वाढले.

यानंतर सूचीत दोन रकाने आले: काय म्हणायचं ठरलं होतं, आणि काय म्हटलं गेलं. दुसरा रकाना मित्र स्वतःच्या फायली चार दिवसांनी, यादी न पाहता ऐकून भरी. दोन रकाने जुळले नाहीत तर शब्द बाद.

निष्पत्ती

अडीच-तीन महिन्यांत दुसरी पायरी पूर्ण पार झाली. तिसऱ्या पायरीवर [e] आणि [ɛ] ची अट तिने पूर्ण केली, [o] आणि [ɔ] ला जास्त वेळ लागला. तिला सर्वांत उपयोगी पडलं ते स्वतः उच्चारणं: जबड्यावर बोट ठेवून दोन्ही स्वर आळीपाळीने म्हणायचे आणि मग फाइल ऐकायची. अनुनासिक स्वर एकट्या अक्षरात ओळखू येऊ लागले, पण पुढे [m] किंवा [n] आला की नाही. तिथे शेजारच्या व्यंजनामुळे प्रत्येकच स्वर थोडा नाकात जातो, आणि मुद्दाम अनुनासिक केलेला स्वर त्यात मिसळतो. ही अट शेवटपर्यंत पूर्ण झाली नाही. [ɓ] वर तिने थोडे दिवस झगडून तो सोडून दिला, आणि कामाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

सहकाऱ्यानेही त्याच याद्या लिहिल्या. [e] आणि [ɛ] मध्ये तो अपेक्षेप्रमाणे पक्का निघाला. मात्र मित्राने दोन्हींच्या मधोमध म्हटलेले काही स्वर यादीत पेरले होते. ते त्याने ठामपणे इकडे किंवा तिकडे टाकले, शंकेची रेघ न ओढता. तिने मात्र तिथे रेघा ओढल्या. म्हणजे ज्याच्या घरच्या भाषेत दोन कप्पे आहेत त्याला मधली जागा ऐकू येत नाही.

मग दोघांनी जुना चंदगडचा तुकडा पुन्हा, कोऱ्या कागदावर लिहिला. तिच्या कागदावर आता [ɛ] आला होता, पण त्याने लिहिला होता तितक्या ठिकाणी नाही. जिथे दोघांचं जुळलं ते स्वर तसेच ठेवले. जिथे नाही, तेवढेच `Praat` मध्ये मोजायला काढले. ती संख्या आता आवाक्यातली होती. मोजल्यावर काही ठिकाणी तो बरोबर ठरला, काही ठिकाणी स्वर खरोखर मध्येच होता आणि कोणाचंच चिन्ह चपखल नव्हतं. अशा जागी खाली-वर सरकल्याची खूण लावून लिहिलं आणि तळटीप दिली.

वेगळं काय करता आलं असतं

दुसरा आवाज फार उशिरा आला. मित्र एकटाच बोलत होता, आणि [ɛ] म्हणताना तो स्वर किंचित लांबवतो हे आम्हाला तिसरी पायरी संपता संपता कळलं. तिने पूर्ण केलेल्या अटीत लांबी ओळखण्याचा वाटा किती होता, हे सांगता येणार नव्हतं. एका बाईच्या आवाजातल्या याद्या आणल्या तेव्हा गुण घसरले आणि परत वर यायला वेळ गेला. दुसऱ्या पायरीपासूनच दोन आवाज, त्यातला एक बाईचा आणि शक्यतो वयस्कर माणसाचा, घेतला असता तर हे टळलं असतं. चंदगडच्या मुद्रणात बोलणाऱ्या बहुतेक आजी होत्या, हेही ध्यानात घ्यायला हवं होतं.

दुसरं, निरर्थक शब्द सुटे आणि सावकाश म्हटलेले होते. खरं बोलणं सलग आणि घाईचं. दोन्हींच्या मधली एक पायरी हवी होती. ठरलेल्या एखाद्या मराठी वाक्यात मधोमध निरर्थक शब्द घालून, बोलण्याच्या वेगाने म्हटलेले. तशा याद्या आता बनवल्या आहेत आणि अनुनासिक स्वरांचं अर्धं राहिलेलं काम त्यांवर चालू आहे. त्यात प्रत्येक अनुनासिक स्वरापुढे मुद्दाम [t̪] किंवा [s] ठेवला आहे, म्हणजे नाकातलं जे काही ऐकू येईल ते स्वराचंच असेल. त्यावर अट पूर्ण झाली की मगच [m] आणि [n] पुढे आणायचे.